सिलिंग कायद्याचा हिशेब: एका कुटुंबाला किती शेतजमीन ठेवता येते आणि अतिरिक्त जमिनीचे पुढे काय होते

सातबारा उताऱ्यावर ‘सिलिंग’ हा शब्द पहिल्यांदा दिसला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘एका माणसाला किती एकर ठेवता येतात?’ असा असतो. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कायदा माणूस मोजत नाही, तर कुटुंब मोजतो. तो नुसते एकर मोजत नाही, तर जमिनीची प्रत मोजतो. आणि अनेकदा आजची स्थिती न पाहता तो काही ठराविक तारखांकडे मागे वळून पाहतो. महाराष्ट्रापुरता हा हिशेब कोणत्या क्रमाने करावा, हे पुढे सांगितले आहे. इतर राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि त्यांच्या मर्यादाही वेगळ्या आहेत, त्यामुळे येथील आकडे तेथे लावू नयेत.

आधी कोणता कायदा हे ठरवावे

आपल्याला लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१. तो २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला. मूळ कायद्यातील मर्यादा बऱ्याच सैल होत्या. जिरायत जमिनीची मर्यादा भागाभागानुसार ६६ ते १२६ एकरांपर्यंत होती. पुढे मोठी दुरुस्ती होऊन २ ऑक्टोबर १९७५ पासून मर्यादा खाली आणल्या गेल्या आणि आज लागू असलेले आकडे तेव्हापासूनचे आहेत. म्हणून जुनी प्रकरणे वाचताना आदेश १९७५ पूर्वीचा आहे की नंतरचा, हे सर्वप्रथम पाहावे, कारण एकाच कुटुंबाची चौकशी दोन वेळा, दोन वेगवेगळ्या मर्यादांनी झालेली असू शकते.

नागरी कमाल जमीनधारणा कायदा, १९७६ हा पूर्णपणे निराळा कायदा होता. तो शहरांतील मोकळ्या जागांसाठी होता आणि महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला. ‘सिलिंग तर केव्हाच उठले’ असे जे सर्रास ऐकू येते, ते या शहरी कायद्याबद्दल खरे आहे. शेतजमिनीचा कायदा आजही चालू आहे.

पहिली पायरी: कुटुंब कोण, हे मांडावे

कायद्यातील ‘कुटुंब घटक’ म्हणजे पती, पत्नी, त्यांचे अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली. या सर्वांच्या नावावर स्वतंत्रपणे असलेली जमीनही एकत्र धरली जाते. पत्नीला माहेरून मिळालेली जमीन असो किंवा मुलाच्या नावे आजोबांनी घेतलेली असो, ती याच बेरजेत येते. तसेच जमीन ‘धारण करणे’ म्हणजे केवळ मालक असणे नव्हे. कूळ म्हणून कायदेशीर ताब्यात असलेली जमीनही कुळाच्या धारणेत मोजली जाते.

सज्ञान मुलगा या घटकात येत नाही. त्याच्यासाठी वडिलांच्या मर्यादेत वाढीव वाटा मिळत नाही, हे नवख्या माणसाला खटकते. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत त्याचा जो हिस्सा निघू शकतो, तो वाटणी झाली असे समजून त्याच्या खात्यात धरला जातो आणि त्याच्यासाठी स्वतंत्र मर्यादा लागू होते. वडिलांनी स्वतः कमावलेल्या जमिनीत असा हिस्सा नसतो. त्यामुळे जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हा वरवर दिवाणी वाटणारा प्रश्न सिलिंगच्या प्रकरणात अनेक एकरांचा फरक पाडतो.

दुसरी पायरी: जमिनीची प्रत लावावी

मर्यादा पाण्यावर अवलंबून आहे. ज्या जमिनीला पाण्याचा खात्रीचा पुरवठा आहे आणि जिच्यात वर्षातून किमान दोन पिके घेता येतात, तिची मर्यादा १८ एकर, म्हणजे सुमारे ७.२८ हेक्टर. खात्रीचे पाणी एकाच पिकापुरते असेल तर २७ एकर. हंगामी किंवा बेभरवशाच्या पाण्याची जमीन असेल तर ३६ एकर. कोकणातील आणि पूर्व विदर्भातील ठरवून दिलेल्या भागांतील भाताच्या जिरायत जमिनीलाही हीच मर्यादा आहे. उरलेल्या सर्व जिरायतीला ५४ एकर, म्हणजे सुमारे २१.८५ हेक्टर.

एका घरात सगळ्या प्रतींची जमीन असते, म्हणून ती एका मापात आणावी लागते. मर्यादांचे प्रमाण पाहिले की हे माप हाती लागते: दोन पिकांच्या बागायतीचा १ एकर बरोबर एका पिकाच्या बागायतीचा दीड एकर, बरोबर हंगामी पाण्याच्या जमिनीचे २ एकर, बरोबर जिरायतीचे ३ एकर. सगळे जिरायतीच्या एकरांत आणणे सोयीचे पडते.

येथे एक गोष्ट विशेष जपावी. प्रत ठरवताना पीकपाहणीच्या नोंदी पाहिल्या जातात, आणि एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षी लावलेला ऊस नोंदीत राहून गेला, तर बेभरवशाची जमीन बारमाही बागायत ठरू शकते. पोटखराब्याचेही तसेच आहे. खडक, नाला, पायवाट यांखालील लागवडीस अयोग्य क्षेत्र सातबाऱ्यावर वेगळे दाखवलेले असते, पण हिशेब करणाऱ्याने एकूण क्षेत्रच धरले आणि कुटुंबाने हरकत घेतली नाही, तर तेवढ्या क्षेत्राने अतिरिक्त जमीन वाढते.

तिसरी पायरी: माणसे मोजून मर्यादा वाढवावी

पाच माणसांपर्यंतच्या कुटुंबाला मूळ मर्यादा लागू होते. पाचपेक्षा अधिक प्रत्येक सदस्यामागे मर्यादा एक पंचमांशाने वाढते, मात्र वाढीसह एकूण धारणा मूळ मर्यादेच्या दुपटीच्या पलीकडे जात नाही. १९७५ च्या प्रकरणांत माणसे २ ऑक्टोबर १९७५ रोजी किती होती, हे पाहिले जाते. त्या तारखेनंतर जन्मलेले मूल त्या प्रकरणाच्या हिशेबात येत नाही, आणि मुलगा त्या तारखेला सज्ञान होता की नव्हता यावर शाळा सोडल्याचा दाखला निर्णायक ठरलेली प्रकरणे पुष्कळ आहेत.

एक उदाहरण सोडवून पाहू

कल्पनेतले एक कुटुंब घेऊ: नवरा, बायको, तीन अज्ञान मुलगे आणि दोन अज्ञान अविवाहित मुली, असे सात जण. जमीन अशी: कालव्याखालची दोन पिकांची बागायत ८ एकर, एका पिकाच्या खात्रीच्या पाण्याची ६ एकर आणि जिरायत ६० एकर. कागदावर एकूण ७४ एकर.

जिरायतीच्या मापात आणले तर ८ एकरांचे २४, ६ एकरांचे १२ आणि जिरायत ६०, असे ९६ एकर होतात. पाचपेक्षा दोन माणसे जास्त आहेत, म्हणून ५४ एकरांवर दोन पंचमांश वाढ, म्हणजे २१.६ एकर. मर्यादा झाली ७५.६ एकर. अतिरिक्त जमीन २०.४ एकर, म्हणजे २० एकर १६ गुंठे जिरायत. गंमत अशी की घरातले लोक ‘आमची ७४ एकर आणि मर्यादा ७५, आम्ही सुटलो’ असे समजून निर्धास्त राहिलेले असतात. रूपांतर न केल्यामुळे होणारी चूक नेमकी हीच.

आता यातला थोरला मुलगा त्या तारखेला सज्ञान होता असे समजू, आणि सगळी जमीन वडिलोपार्जित आहे. कुटुंब घटक सहा जणांचा होतो आणि मर्यादा ५४ अधिक १०.८, म्हणजे ६४.८ एकरांवर येते. वरवर पाहता नुकसान झाले. पण कल्पित वाटणीत बाप, आई आणि तीन मुलगे असे पाच हिस्से पडतात. बाप आणि मुलगे यांच्यात वाटणी होते तेव्हा आईला मुलाएवढा हिस्सा मिळतो, हा हिंदू कायद्याचा नियम येथे कामी येतो. मुलींना सहदायाद म्हणून हिस्सा महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला, म्हणून १९७५ च्या हिशेबात त्यांचा हिस्सा नाही. थोरल्याचा हिस्सा ९६ चा पाचवा भाग, म्हणजे १९.२ एकर, आणि तो त्याच्या स्वतःच्या ५४ एकरांच्या कितीतरी आत आहे. बाकी कुटुंबाकडे ७६.८ एकर राहतात, मर्यादा ६४.८, म्हणजे अतिरिक्त फक्त १२ एकर. हीच जमीन वडिलांची स्वकष्टार्जित ठरली असती, तर थोरल्याचा हिस्सा शून्य आणि अतिरिक्त ३१.२ एकर. एका जन्मतारखेचा आणि जमीन कशी आली याच्या पुराव्याचा एवढा परिणाम होतो.

चौथी पायरी: मागचे व्यवहार तपासावेत

मर्यादा खाली येणार हे लोकांना आधीच कळले होते, म्हणून बऱ्याच जणांनी नातेवाइकांच्या नावे जमिनी केल्या किंवा घाईने वाटण्या केल्या. कायद्याने त्यावर तारखेचे बंधन घातले आहे. २६ सप्टेंबर १९७० नंतर आणि २ ऑक्टोबर १९७५ पूर्वी झालेले हस्तांतर हे मर्यादा चुकवण्यासाठीच केले, असे गृहीत धरले जाते. खरेदी देणाऱ्याची खरी गरज होती, किंमत खरोखर मिळाली, घेणारा त्रयस्थ होता, हे सर्व हस्तांतर करणाऱ्याने सिद्ध करायचे असते. त्या काळातील वाटण्यांनाही असेच गृहीतक लागू आहे.

वरच्या सात जणांच्या कुटुंबाकडे मुळात ७० एकर जिरायत होती आणि १९७३ मध्ये त्यांनी मेहुण्याला १० एकर विकली, असे धरू. व्यवहार खरा असल्याचे सिद्ध झाले नाही, तर ती १० एकर विकलीच नाही असे समजून हिशेब होतो: ९६ ऐवजी १०६, आणि अतिरिक्त २० ऐवजी ३० एकर १६ गुंठे. हे क्षेत्र आधी विकणाऱ्याकडे उरलेल्या जमिनीतून घेतले जाते. त्याच्याकडची जमीन अपुरी पडली, तर विकलेल्या जमिनीतूनही घेता येते. मेहुण्याने किंवा त्याच्याकडून पुढे घेणाऱ्याने ‘आम्ही पैसे मोजून घेतली’ असे सांगून हा धोका टळत नाही.

पाचवी पायरी: विवरणपत्र, चौकशी आणि घोषणा

मर्यादेपेक्षा जास्त जमीन असलेल्याने ठरलेल्या मुदतीत विवरणपत्र भरून राज्यभरातील सर्व जमीन दाखवायची असते. येथे आठ-अ उताऱ्यावर विसंबून राहू नये, कारण तो एका गावातील खात्याचा असतो. पलीकडच्या तालुक्यातील किंवा दुसऱ्या जिल्ह्यातील जमीन त्यात दिसत नाही, पण मर्यादेत मात्र धरली जाते.

त्यानंतर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अधिकार दिलेला अधिकारी चौकशी करतो. १९७५ नंतर अशी कामे अतिरिक्त जमीन निर्धारण न्यायाधिकरणांकडे होती. कूळ, गहाणदार आणि इतर हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. प्रतवार हिशेब होतो, अतिरिक्त क्षेत्र किती ते ठरते आणि मग कोणते गट ठेवायचे, हे निवडण्याची संधी धारकाला मिळते.

या निवडीचा परिणाम फार मोठा आहे आणि माझ्या मते कायद्याची खरी दुबळी बाजू तीच आहे. आपल्या उदाहरणातले कुटुंब २० एकर १६ गुंठे जिरायत देऊ शकते किंवा त्याऐवजी ६ एकर ३२ गुंठे दोन पिकांची बागायत देऊ शकते. हिशेबाला दोन्ही सारखे आहेत. शहाणा धारक अर्थातच माळाची, मुरमाड, विहिरीपासून लांबची जमीन देतो. कायद्याच्या मापात ती तीन एकरांना एक एकर असते, पण प्रत्यक्षात माळाचे तीन एकर कालव्याखालच्या एका एकराची बरोबरी कधीच करत नाहीत. भूमिहीनांना मिळालेल्या सिलिंगच्या जमिनी पडीक का राहतात, याचे एक कारण येथे सापडते.

घोषणेविरुद्ध महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. शिवाय राज्य शासनाला स्वतःहून कागदपत्रे मागवून निर्णय तपासता येतो, पण घोषणेपासून तीन वर्षांनंतर ती कागदपत्रे मागवता येत नाहीत. जुने प्रकरण ‘पुन्हा उघडले’ असे सांगितले गेले, तर घोषणेची तारीख आणि कागदपत्रे मागवल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून पाहावी.

हा कायदा संविधानाच्या नवव्या अनुसूचीत आहे. ‘कुटुंब घटक’ ही संकल्पना समानतेच्या विरुद्ध आहे, हे आव्हान सर्वोच्च न्यायालयात दत्तात्रय गोविंद महाजन प्रकरणात १९७७ मध्ये गेले आणि कायदा टिकला. त्यामुळे आज कोणी ‘हा कायदाच घटनाबाह्य आहे’ असा सल्ला दिला, तर त्याला त्या निकालाबद्दल विचारावे.

सहावी पायरी: ताबा, मोबदला आणि वाटप

घोषणा अंतिम झाली आणि ताबा घेतला गेला की जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते. मोबदला बाजारभावाने मिळत नाही. तो जमिनीच्या महसूल आकारणीच्या पटीत ठरतो आणि आजच्या डोळ्यांना नाममात्र वाटतो. गहाणदाराचा किंवा सोसायटीच्या कर्जाचा दावा जमिनीवर राहत नाही, तो मोबदल्याच्या रकमेतून भागवला जातो.

वाटपात अग्रक्रम ठरवून दिलेला आहे. जमीनमालकाने स्वतः कसण्याच्या नावाखाली ज्या कुळाकडून जमीन परत घेतली आणि ते कूळ भूमिहीन झाले, त्याचा विचार आधी होतो. पुढे सैनिक आणि भूमिहीन शेतमजूर येतात आणि अनुसूचित जाती, जमाती, भटके व विमुक्त यांच्यासाठी वाटा राखलेला असतो. मिळणारी जमीन फुकट नसते. भोगवटामूल्य हप्त्यांनी भरायचे असते.

साखर कारखान्यांच्या मळ्यांची गोष्ट मात्र वेगळी झाली. सिलिंगपूर्वीच्या काळात अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि आसपासच्या जिल्ह्यांत खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मोठे ऊसमळे उभे केले होते. सिलिंग लागू होताच हे मळे अतिरिक्त ठरले आणि ते तुकड्यांत वाटल्यास उसाचे उत्पादन मोडेल म्हणून महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे एकत्र ठेवले गेले. ज्या शेतकऱ्यांनी केवळ खंडाने जमीन दिली होती, ते मूळ मालक त्यामुळे आपल्याच जमिनीपासून तुटले. त्यांना ‘खंडकरी’ म्हणतात. जमीन परत मिळावी म्हणून त्यांना अनेक दशके लढावे लागले आणि त्यासाठी कायद्यात पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या.

सातवी पायरी: आज जमीन घेताना किंवा वारशाने मिळताना

वाटपात मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग-२ म्हणून नोंदली जाते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता किंवा वाटून घेता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी नजराणा भरावा लागतो. विनापरवाना व्यवहार झाला तर जमीन शासनाकडे परत जाऊ शकते. म्हणून जुना सातबारा काढून ‘इतर अधिकार’ या रकान्यात सिलिंगचा शेरा आहे का, ते पाहावे आणि त्या शेऱ्यापुढचा फेरफार क्रमांक धरून मूळ फेरफार वाचावा. संगणकीकृत उताऱ्यावर असे शेरे कधी कधी उतरवायचे राहून गेलेले असतात, त्यामुळे bhulekh.mahabhumi.gov.in वरील उतारा स्वच्छ दिसला तरी तेवढ्यावर थांबू नये. तलाठ्याकडचा हस्तलिखित उतारा आणि तहसील कार्यालयातील वाटपाचा आदेश या दोन्ही गोष्टी मागाव्यात. ताबाही जाऊन पाहावा, कारण कागदावर वाटप झालेले आणि जमीन मात्र जुनाच मालक कसतो, अशी स्थिती अनेक गावांत आहे.

मर्यादेच्या जवळ असलेल्या कुटुंबाने खरेदी आणि वारसा यांतला फरक ध्यानात ठेवावा. वारशाने किंवा मृत्युपत्राने जमीन मिळून मर्यादा ओलांडली गेली, तर मुदतीत विवरणपत्र भरायचे, वरचीच चौकशी होते आणि जादा जमिनीचा मोबदला मिळतो. निर्णय होईपर्यंत त्यातली जमीन विकायची नसते. पैसे देऊन मर्यादेबाहेर जमीन घेतली, तर मात्र जादा क्षेत्रावरील हक्क दंड म्हणून शासनजमा होतो आणि मोबदला मिळत नाही. शासनाच्या नव्या कालव्यामुळे जिरायतीची बागायत झाली, तर एकही गुंठा न वाढवता कुटुंब मर्यादेबाहेर जाऊ शकते, आणि तेव्हाही विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. उदाहरणासाठी, पाच जणांच्या कुटुंबाची ५० एकर जिरायत आज मर्यादेत आहे. त्यातल्या १० एकरांना दोन पिकांचे खात्रीचे पाणी मिळाले की त्यांचे ३० एकर होतात, एकूण ७० होतात आणि १६ एकर जिरायत अतिरिक्त ठरते.